मुदतीआधीच समोरचा ‘जमणार नाही’ म्हणाला, तर?
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (ठाणे – नवी मुंबई)

वागळे इस्टेटमधल्या एका फराळ बनवणाऱ्या युनिटने रबाळ्याच्या बॉक्सवाल्याला छापील बॉक्सची ऑर्डर दिली, असं धरू. २०,००० नग, दर १८ रुपये, माल पोचवायची तारीख २५ ऑक्टोबर, ९०,००० रुपये ॲडव्हान्स. २५ सप्टेंबरला बॉक्सवाल्याचा व्हॉट्सॲप येतो: ‘कागद महागलाय. १८ ने देणार नाही. २२ करत असाल तर बोला, नाहीतर दुसरीकडून घ्या.’

माल द्यायची तारीख महिनाभर लांब आहे. मग करार आजच मोडला का? मोडला, असं तुम्हाला धरता येतं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे एका पक्षाने आपलं काम पूर्णपणे करायला नकार दिला, किंवा ते करताच येणार नाही अशी स्थिती स्वतःच ओढवून घेतली (उदा. तुमच्यासाठी ठरलेली मशीन दुसऱ्याला विकून टाकली), तर दुसऱ्या पक्षाला करार संपवता येतो. ‘दर वाढवला तरच देईन’ हाही नकारच आहे, कारण ठरलेल्या अटीवर माल मिळणार नाही हे त्यात स्पष्ट आहे. मालविक्री कायदा, १९३० चं कलम ६० हेच विक्रीच्या व्यवहाराबद्दल सांगतं. हे तत्त्व १८५३ च्या एका इंग्लिश निकालात पक्कं झालं. प्रवासात सोबत राहण्यासाठी १ जूनपासून नेमलेल्या माणसाला मे महिन्यातच ‘येऊ नका’ असं कळवलं गेलं. त्याने जूनची वाट न पाहता मे महिन्यातच दावा लावला आणि तो टिकला.

मात्र निरोप नीट वाचा. ‘जरा अडचण आहे, बघतो’, ‘चार दिवस इकडेतिकडे होतील’, ‘दराचं काहीतरी करा ना शेठ’ ही कुरकुर झाली, नकार नव्हे. एवढ्यावर करार संपवून दुसरीकडे ऑर्डर दिलीत तर करार मोडणारे तुम्ही ठरता आणि भरपाई मागायची पाळी त्याची येते. आमच्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. शंका असेल तर लेखी विचारा: ‘२५ ऑक्टोबरला १८ रुपये दराने माल देणार की नाही, ३ दिवसांत कळवा.’ त्याने उत्तर दिलं नाही तर तेवढ्यावरून नकार सिद्ध होतोच असं नाही, पण नंतरच्या वागण्याचा अर्थ लावायला हे पत्र उपयोगी पडतं. आणि स्पष्ट ‘नाही’ आलं, तर प्रश्नच मिटला.

नकार स्पष्ट असला की दोन वाटा असतात.

पहिली वाट: करार संपवणं. नुसतं मनात ठरवून करार संपत नाही, समोरच्याला तसं कळवावं लागतं. मजकूर छोटा असला तरी चालतो: ‘दि. २५ सप्टेंबरच्या आपल्या निरोपाने आपण ऑर्डर पूर्ण करण्यास नकार दिला आहे. तो नकार ग्राह्य धरून आम्ही हा करार आजपासून संपवत आहोत. ॲडव्हान्सचे ९०,००० रुपये ७ दिवसांत परत करावेत. दुसरीकडून माल घेताना होणारं नुकसान आपल्याकडून वसूल करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.’ हे ज्या व्हॉट्सॲपवर नकार आला तिथेच पाठवा, शिवाय ईमेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने. एकदा हे पोचलं की ‘बरं बाबा, १८ ने देतो’ म्हणून त्याला एकतर्फी मागे फिरता येत नाही.

आता हिशोब. तुम्ही ३ ऑक्टोबरला भिवंडीतून तेच बॉक्स २१ ने घेतलेत. नगामागे ३ रुपये, म्हणजे ६०,००० रुपये नुकसान. ॲडव्हान्स धरून मागणी १,५०,००० रुपयांची (जीएसटी आणि व्याज बाजूला ठेवू). समजा करार संपवल्यावर तुम्ही हातावर हात ठेवून बसलात आणि दिवाळीच्या तोंडावर २४ ने माल घेतलात. तरी नगामागे ६ रुपये मिळतील असं समजू नका. नुकसान कमी करायला हाताशी काय साधन होतं, तेही करार कायद्यातल्या भरपाईच्या कलम ७३ खाली पाहिलं जातं. बाजारात २१ ने मिळत होते, तर वरचे ३ रुपये तुमच्याच खिशातून. म्हणून दोन-तीन कोटेशनं तारखेसकट जपून ठेवा.

दुसरी वाट: करार चालू ठेवून २५ ऑक्टोबरपर्यंत थांबणं. त्या तारखेला माल आला नाही, तर भरपाई साधारणपणे त्या दिवशीच्या बाजारभावावर मोजली जाते. भाव २४ असेल तर नगामागे ६ रुपये, म्हणजे १,२०,००० रुपये. ऐकायला बरं वाटतं. पण करार दोघांसाठी चालू राहतो: तुम्हालाही ठरलेलं डिझाइन, ठरलेला हप्ता वेळेवर द्यावा लागतो, आणि त्याला मन बदलून १८ ने माल देता येतो. भाव पडले तर नुकसानच उरत नाही. मधेच माल देणं बेकायदा किंवा अशक्य झालं, तर तो मोकळा सुटू शकतो. १८५५ च्या एका निकालात हेच झालं. ओडेसा बंदरात जहाज लागलं होतं. माल भरणाऱ्याचा माणूस ‘माल नाही, निघून जा’ असं वारंवार सांगत होता, कप्तान मात्र माल मागत थांबून राहिला. मुदत संपायच्या आत क्रिमियन युद्ध सुरू झालं, शत्रूच्या बंदरात माल भरणं बेकायदा ठरलं आणि जहाजमालकाचा दावा गेला. फराळाच्या धंद्यात तर २५ ऑक्टोबरला बॉक्सशिवाय उभं राहणं परवडतच नाही, त्यामुळे तिथे आम्ही सहसा पहिली वाटच सुचवतो.

या दोन्हींच्या मधे एक खड्डा आहे. शब्दांनी किंवा वर्तनाने करार चालू ठेवायला संमती दिलीत, तर त्याच नकाराच्या जोरावर नंतर करार संपवता येत नाही, अशी तरतूद कलम ३९ मध्येच आहे. नकारानंतर ‘ठीक आहे, पण २० रुपयांपर्यंत तरी द्या’ असं लिहिणं, छपाईचा नमुना मंजूर करणं, पुढचा हप्ता ऑनलाइन पाठवणं, हे सगळं संमती म्हणून वाचलं जाऊ शकतं. ‘बरं, २२ करा’ म्हणालात तर नवा दरच कायम होतो आणि वरचे ४ रुपये मागायला जागा राहत नाही. म्हणून विचार करायला वेळ हवा असेल तर तसंच लिहा: ‘आपला निरोप मिळाला. आमचे सर्व हक्क राखून ३ दिवसांत कळवतो.’

विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २० खाली दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च मागायचा असेल, तर आधी किमान ३० दिवसांची लेखी नोटीस लागते. महिन्यावर आलेल्या ऑर्डरला ती वाट सहसा पुरत नाही. कलम ७३ च्या भरपाईला ही अट नाही.

तुम्हीच पुरवठादार असाल आणि गिऱ्हाइकाने मधेच ‘नको’ म्हटलं, तर उरलेला माल हट्टाने छापत बसू नका; नुकसान कमी करण्याची वरची अपेक्षा तुमच्याकडूनही असते.

सल्ल्यासाठी येताना ऑर्डरची प्रत, ॲडव्हान्सची बँक नोंद, कोटेशनं आणि नव्या खरेदीचं बिल आणा. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. ज्या फोनवर निरोप आला तो रीसेट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्यावरून करावं लागतं. दाव्याची मुदत करार मोडल्यापासून ३ वर्षं आहे. ती २५ ऑक्टोबरपासून नव्हे, करार संपवल्याच्या तारखेच्याही आधीपासून, म्हणजे नकाराच्या तारखेपासूनच धरून चला.