गृहकर्जाच्या अर्जात रक्कम किती लिहावी? हप्त्यावरून कमाल कर्ज काढण्याची पद्धत

गृहकर्जाच्या अर्जात अपेक्षित रक्कम लिहिण्याआधी आपल्याला झेपणाऱ्या हप्त्यातून किती कर्ज फिटू शकते, हे एक्सेल किंवा गूगल शीट्समधील PV या फंक्शनने काढता येते. ते भविष्यातील सर्व हप्त्यांचे आजचे मूल्य, म्हणजेच कर्जाची मुद्दल देते.

समजा, अर्जदाराच्या हाती दरमहा 60,000 रुपये वेतन येते, बँक त्याच्या निम्म्यापर्यंत एकूण हप्ते मान्य करते आणि दुचाकीचा 5,000 रुपयांचा हप्ता चालू आहे. नव्या कर्जासाठी 25,000 रुपये उरतात. व्याजदर 8.5 टक्के आणि मुदत 20 वर्षे धरल्यास सूत्र असे होईल :

```
=PV(8.5%/12, 20*12, -25000)
```

उत्तर सुमारे 28 लाख 80 हजार रुपये येते. हप्ता खिशातून जातो, म्हणून त्यापुढे उणे चिन्ह द्यायचे. ते राहिले, तर रक्कम तेवढीच पण ऋण दिसते. दर बाराने भागायचा राहिला, तर मात्र उत्तर जेमतेम 2 लाख 94 हजारांवर येते. 240 हप्त्यांची नुसती बेरीजच 60 लाख होत असताना एवढे कमी कर्ज निघाले, की चूक दरात आहे हे ओळखावे.

दर बदलता असेल, तर याच सूत्रात 9.5 टक्के घालून पाहणे मला आवश्यक वाटते. तेव्हा रक्कम सुमारे 26 लाख 82 हजारांपर्यंत उतरते. दर वाढल्यावर हप्ता किंवा मुदत वाढते, आणि निवृत्ती जवळ असलेल्याला मुदत वाढवून घेण्यास फारशी जागा नसते.

हे गणित केवळ परतफेडीच्या क्षमतेचे आहे. तारण घराची मर्यादा वेगळी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या कमाल 90 टक्के रक्कम देता येते. सदनिका 30 लाखांची असल्यास 27 लाखांपुढे कर्ज मिळणार नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च (10 लाखांपर्यंतच्या घरांचा अपवाद वगळता) या किमतीत धरला जात नाही, त्यामुळे उरलेल्या 3 लाखांबरोबर तोही स्वतःच उभा करावा लागतो. या उदाहरणात वाढीव दराचा विचार करून अर्जात 26 लाख 80 हजार रुपये लिहिणे योग्य ठरेल.

अर्जासोबत पॅन, आधार, वेतनचिठ्ठ्या, फॉर्म 16, बँक खात्याचा उतारा आणि घराचा करारनामा सामान्यतः मागितला जातो. दुचाकीच्या हप्त्यासारखी देणी खात्याच्या उताऱ्यात आणि क्रेडिट अहवालात दिसतातच. ती सूत्रात धरली नाहीत, तर बँकेची मंजूर रक्कम आपल्या आकड्यापेक्षा कमी येते.