‘मर्जी’ कुणाची आणि ‘संरक्षण’ कशाचं? कलम ३१० आणि ३११

महसूल खात्यात असताना मी बऱ्याच विभागीय चौकश्यांत बचाव सहाय्यक म्हणून बसलो. आरोप झालेला माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक वाक्य घेऊनच यायचा. एक, “सरकारची मर्जी फिरली की संपलंच ना सगळं?” आणि दुसरं त्याच्या अगदी उलट, “मला ३११ आहे, माझं कोण काय वाकडं करणार?” दोन्ही अर्धवट. संविधानातली ही दोन कलमं शेजारी शेजारी आहेत, म्हणून ती एकच समजली जातात.

कलम ३१० नोकरीच्या मुदतीबद्दल बोलतं. केंद्राची नागरी सेवा राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत, राज्याची राज्यपालांची मर्जी असेपर्यंत. ही कल्पना इंग्लंडच्या राजाकडून आली. तिथे राजाच्या चाकराला कधीही घरी पाठवता येई. आपण कल्पना घेतली, पण कलमाच्या सुरुवातीलाच अट घातली की संविधानात स्पष्टपणे वेगळं सांगितलेलं नसेल तरच. राजाच्या नोकराला पगारासाठी दावा लावता येत नाही, हा इंग्रजी नियमही सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बिहारच्या एका पोलीस उपनिरीक्षकाच्या प्रकरणात बाजूला ठेवला.

आणि मर्जी म्हणजे राज्यपालांचा मूड नव्हे. शमशेर सिंग प्रकरणात १९७४ मध्ये ठरलं की राज्यपाल इथेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागतात. तहसीलदाराची, प्रांताची किंवा खातेप्रमुखाची मर्जी तर या कलमात कुठेच नाही.

कलम ३११ मुदतीबद्दल बोलत नाही. मर्जी संपवायची तर कोणत्या दारातून, ते सांगतं. दारं दोन. नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करायचं नाही किंवा सेवेतून काढायचं नाही, हे पहिलं. आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय बडतर्फी, काढून टाकणं किंवा पदावनती करायची नाही, हे दुसरं. बारकावा असा की पहिल्या दारात पदावनतीचा उल्लेखच नाही. चौकशी सुरू करण्यालाही ते लागू होत नाही. दोषारोपपत्रावर खालच्या अधिकाऱ्याची सही दिसली की लोक उड्या मारतात, पण तेवढ्याने काही हाती लागत नाही.

एक प्रकरण धरून बघू. समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयातला महसूल सहायक. नेमणूक जिल्हाधिकाऱ्यांची. आरोप असा की एक फेरफार संचिका गहाळ झाली आणि मध्येच तो पाच आठवडे न सांगता गैरहजर राहिला. प्रांताधिकाऱ्यांनी कारणे दाखवा नोटीस काढली, याने दोन पानांचा खुलासा दिला. पंधरा दिवसांनी आदेश आला : खुलासा समाधानकारक नाही, सबब सेवेतून काढून टाकण्यात येत आहे.

असा माणूस आला की मी आधी खुलासा वाचत नाही. सेवापुस्तकाचं पहिलं पान आणि नेमणूक आदेश मागतो. नेमणूक आदेशाखाली जिल्हाधिकाऱ्यांची सही, काढल्याच्या आदेशाखाली प्रांतांची. दोन कागद शेजारी ठेवले की पहिलं दार बंद दिसतं. आरोप खरे की खोटे, हा प्रश्न अजून आलेलाही नसतो.

मग दुसरं दार. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधला नियम ८ मोठ्या शिक्षेची पद्धत सांगतो. दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी, ही चार जोडपत्रं. मग चौकशी अधिकारी, साक्षी, उलटतपासणी, अहवाल. इथे यातलं काहीच झालेलं नाही. नोटीस आणि खुलासा ही किरकोळ शिक्षेची वाट आहे, त्या वाटेने नोकरी जात नाही. चौकशी झाली असती तरी अहवालाची प्रत शिक्षेआधी द्यावी लागली असती. करुणाकर प्रकरणात १९९३ मध्ये ते पक्कं झालं. मात्र प्रत मिळाली नाही एवढ्यावर आदेश आपोआप पडत नाही, तिच्याअभावी नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं.

आता “मला ३११ आहे” म्हणणाऱ्यांकडे वळू. ३११ मधल्या चौकशीला तीन अपवाद आहेत. फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली तर त्या वर्तनावरून, चौकशी घेणं व्यवहार्य नसेल तर, आणि राज्याच्या सुरक्षिततेसाठी. लाचेत शिक्षा झालेला माणूस पहिल्या अपवादात सापडतो आणि चौकशी न होता जातो. त्यातही अधिकाऱ्याने वर्तन पाहून शिक्षा ठरवायची असते, निकालाची प्रत लावून नुसता शिक्का मारायचा नसतो. गैरवापर होतो तो दुसऱ्या अपवादाचा. चौकशी का व्यवहार्य नाही, याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुलसीराम पटेल निकालाने १९८५ मध्ये या अपवादांना भक्कम आधार दिला, पण तिथेच बजावलं की चौकशी टाळायला किंवा खात्याची बाजू कच्ची आहे म्हणून हे कलम वापरता येणार नाही. “साक्षीदार घाबरतील” एवढंच लिहिलेलं दिसलं तर विचारावं, घाबरतील हे ठरवलं कशावरून?

निलंबन आणि बदली ३११ मध्ये येतच नाहीत. परिविक्षेतल्या, म्हणजे अजून कायम न झालेल्या माणसाला ठपका न ठेवता साध्या शब्दांत मोकळं केलं तर तेही नाही. धिंग्रा प्रकरणापासून न्यायालयं आदेशाचे शब्द सोडून तो खरोखर गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढला होता का ते बघतात. शब्द गोड असून आदेशाचा पाया गैरवर्तन निघाला, तर ३११ लागू.

आपल्या सोलापुरात आणखी एक घोळ होतो. एका कॉलनीत रेल्वेवाला, महसूलवाला, महापालिकेचा लिपिक आणि एसटीचा वाहक राहतात, आणि चौघंही स्वतःला सरकारी नोकर म्हणवतात. ३११ पहिल्या दोघांनाच आहे. रेल्वेच्या कायम नोकराला नुसती नोटीस देऊन काढायची सोय ज्या नियमांत होती, ते नियम मोतीराम डेका प्रकरणात डिसेंबर १९६३ मध्ये रद्द झाले, तेही याच कलमावर. महापालिकेच्या लिपिकाचं संरक्षण महापालिका कायद्यातून येतं, एसटीच्या वाहकाचं कामगार कायद्यातून. त्यांच्या अर्जात ३११ घातलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. उलट टोकाला लष्करातला जवान : ३१० ची मर्जी त्याला लागू आहे, ३११ नाही.

आपल्या महसूल सहायकाला अपील करता येतं, आणि नंतर मुंबईला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं. आदेश टिकण्याजोगा नाही, तो बहुधा रद्द होईल. पेढे मात्र थांबवावेत. आदेश पडला तो पद्धत चुकली म्हणून, संचिका सापडली म्हणून नव्हे. जिल्हाधिकारी नव्याने नियम ८ ची चौकशी लावू शकतात, आणि तसं ठरलं तर नियमानुसार तो काढल्याच्या तारखेपासून निलंबित मानला जातो. म्हणजे महिन्याला हातात येतो तो निर्वाह भत्ता, आणि टेबलावर येतात चार जोडपत्रं. संचिका खरोखर कुणाच्या ताब्यात होती, हे सांगायची पाळी तेव्हा येते.