ठिबक आलं, पण मातीचा नमुना जुन्याच जागी राहिला

ठिबकवर डाळिंब असलेल्या शेतकऱ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल मागितला, की तो बहुतेक वेळा चांगलाच असतो. क्षार कमी, सामू आठच्या आसपास, सगळं 'सर्वसाधारण'. बागेत जाऊन पाहिलं तर पानांचे शेंडे आणि कडा करपलेल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. कागद आणि झाड यांचं न जुळणं हे माझ्यासारख्या कृषी पदवीधर सल्लागाराचं रोजचं काम आहे आणि त्याचं मूळ बरंच मागे जातं. माती तपासण्याची पद्धत आणि ठिबक या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी आल्या. लहान शेतकऱ्याच्या बांधावर त्यांची गाठ घालून द्यायला बराच काळ कुणी नव्हतं.

माती परीक्षण आधीचं. 1955-56 मध्ये देशात पहिल्या 24 माती परीक्षण प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुढे संकरित वाणं आणि रासायनिक खतं आली, तसं या प्रयोगशाळांचं मुख्य काम ठरून गेलं: कोणत्या पिकाला किती नत्र, स्फुरद, पालाश द्यायचं ते सांगणं. नमुना घेण्याची रीतही त्या काळच्या शेताला धरून बसवलेली होती. शेतात नागमोडी फिरायचं, दहा-बारा जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा साधारण वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा वगळायची.

ही रीत चुकीची नाही. पाटपाण्याच्या किंवा कोरडवाहू शेतात पाणी सगळीकडे सारखंच पडतं, खत फोकून दिलेलं असतं, म्हणून दहा जागची सरासरी त्या शेताचं खरं चित्र देते. रीतीमागचं गृहीतक एवढंच, की एका तुकड्यातली माती साधारण एकसारखी वागते.

ठिबकने नेमकं हेच गृहीतक मोडलं.

इस्रायलमध्ये सिमखा ब्लास या पाणी अभियंत्याने प्लास्टिकचा ड्रिपर विकसित केला आणि 1965 मध्ये त्याच्या उत्पादनासाठी हात्झेरीम किबुत्झबरोबर करार झाला. आपल्याकडे 1970 च्या दशकात कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवर प्रयोग झाले. महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळाची आठवण ताजी होती आणि विहिरींचं पाणी खाली चाललं होतं. 1986-87 पासून राज्य सरकारने ठिबकला अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबकचं काम हाती घेतलं आणि खानदेशातल्या केळीत, नाशिककडच्या द्राक्षात, सोलापूरच्या डाळिंबात नळ्या पसरू लागल्या. 2005-06 मध्ये केंद्राची सूक्ष्म सिंचन योजना आली, 2015 मध्ये तीच 'प्रति थेंब अधिक पीक' या नावाने पंतप्रधान कृषी सिंचन योजनेत गेली. आज अल्प व अत्यल्प भूधारकाला केंद्राचं 55 टक्के आणि राज्याचं पूरक 25 टक्के धरून 80 टक्के अनुदान मिळतं.

अनुदानाने संच शेतापर्यंत पोचवला, हे मोठंच काम झालं. पण ही सगळी व्यवस्था 'संच बसवणे' या एका घटनेभोवती रचलेली आहे. कोटेशन, आराखडा, बसवणी, मोका तपासणी, बँकेत रक्कम. त्यानंतर पाच-सात वर्षं त्या नळीखाली मातीचं काय होतं, हे पाहायला त्या साखळीत माणूसच नेमलेला नाही.

होतं काय, ते एका बागेच्या हिशेबाने सांगतो. सांगोल्याकडची एक एकर डाळिंबाची बाग, हलकी मुरमाड जमीन, साडेचार बाय तीन मीटरवर लागण, म्हणजे साधारण तीनशे झाडं. प्रत्येक झाडाला तासाला चार लिटरचे चार ड्रिपर. आंबे बहार धरलेला. उन्हाळ्यात दिवसाचं बाष्पीभवन 8 मिलीमीटर धरलं आणि त्याला पात्र गुणांक 0.7, पीक गुणांक 0.8, झाडाचं क्षेत्र साडेतेरा चौरस मीटर आणि त्यातला भिजणारा भाग 0.4 असं गुणत गेलं, की झाडाला रोज सुमारे 24 लिटर पाणी लागतं. म्हणजे दीड तास मोटर. इथपर्यंत शेतकऱ्याचा हिशेब बरोबर होता.

बोअरच्या पाण्याची ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, मात्र 1.9 होती. ढोबळमानाने ईसीला 640 ने गुणलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार आहेत ते कळतं. इथे लिटरला साधारण सव्वा ग्रॅम. चोवीस लिटरमागे 29 ग्रॅम. बहार धरल्यापासून चार महिन्यांत एका झाडाच्या बुडाशी जवळजवळ साडेतीन किलो क्षार आपणच नेऊन ठेवतो. मी शेतकऱ्यासमोर मिठाचे तीन पुडे आणि एक अर्धा पुडा ठेवल्यासारखं हे सांगतो, कारण ईसी या शब्दाने कुणाच्या डोळ्यांपुढे काही येत नाही.

पाटपाण्यातही क्षार येत होते, उलट पाणी जास्त म्हणून जास्तच येत होते. पण ते सगळ्या रानावर पसरत आणि मोठ्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरत. ठिबकचं पाणी ड्रिपरपासून बाहेर सरकत जातं आणि जिथे थांबतं तिथे क्षार टाकून सुकतं. ओलाव्याच्या कडेला पांढरट कडं दिसतं ते हेच. त्या कड्याच्या आतली माती बरी असते आणि दोन ओळींमधली कोरडी माती तर अगदीच चांगली, कारण तिथे बोअरचं पाणी कधी पोचलेलंच नाही.

या शेतकऱ्याने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झाडाखालची जागा वगळून ओळींमधल्या पट्ट्यातून नमुना घेतला होता. अहवालात ईसी 0.35. आम्ही पुन्हा तीन नमुने वेगवेगळे घेतले. ओळींमधल्या पट्ट्यात पुन्हा 0.35. ड्रिपर आणि ओलाव्याची कड यांच्या मधोमध, जिथे पांढरी मुळी सगळ्यात जास्त असते, तिथे 0.9. कड्यावर 2.4. प्रयोगशाळेच्या तक्त्यात एकच्या आत असलेली ईसी सर्वसाधारण धरतात. शेत एकच, दिवस एकच, पण तीन जागी तीन वेगळी उत्तरं. पहिल्या अहवालात प्रयोगशाळेची काहीच चूक नव्हती.

2015 च्या फेब्रुवारीत राजस्थानातल्या सुरतगडहून मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली, तेव्हा माती परीक्षण प्रथमच घरोघरी गेलं. पत्रिकेत सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्यं असे बारा घटक असतात. पण नमुना बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक अशा चौकटीतून घ्यायचा होता. एक एकरवाल्याच्या हाती आलेली पत्रिका शेजाऱ्याच्या रानातली असू शकत होती. गावाच्या खत नियोजनाला हे चालतं, ठिबकखालच्या एका बागेला चालत नाही.

ही गाठ घालायला माणूस हवा, हे सरकारलाही उमगलं होतं. 1980 च्या दशकातली 'प्रशिक्षण व भेट' पद्धत ओसरली होती, कृषी सहायकाकडे गावंही वाढली होती आणि कागदही. म्हणून 2002 मध्ये कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आली. कृषी पदवीधराला दोन महिन्यांचं मोफत निवासी प्रशिक्षण, मग बँकेचं कर्ज आणि नाबार्डमार्फत अनुदान. महाराष्ट्रातल्या मुलांनी या योजनेचा भरपूर फायदा घेतला, मीही त्यातलाच. पण सल्ल्याला पैसे द्यायची सवय गावात नव्हती. खतदुकानात सल्ला फुकट मिळतो, त्याची किंमत पोत्यात धरलेली असते. कर्जाचा हप्ता भरायला अनेकांनी चिकित्सालयाच्या जोडीला दुकान टाकलं, आणि हळूहळू दुकानच उरलं. मी त्यांना दोष देत नाही. पण ज्याचं पोट खत विकण्यावर आहे, त्याला 'या बहारात खत कमी करा' असं सांगणं जड जातं. म्हणून मी नमुना घेणे, पाणी तपासणे आणि संच तपासणे यांचे पैसे घेतो आणि काहीच विकत नाही. मिळकत कमी आहे, पण बोलायला मोकळीक आहे.

त्या बागेत संचाचीही गडबड निघाली. चार लिटरच्या ड्रिपरने तीन मिनिटांत 200 मिलीलिटर पाणी द्यायला हवं. मापाचा पेला घेऊन ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजलं. सुरुवातीला 190, शेवटी 120. शेवटच्या झाडांना चोवीसऐवजी चौदा-पंधरा लिटरच मिळत होतं, त्यामुळे ओलावा आखडला होता आणि क्षारांचं कडं मुळांच्या अंगावर आलं होतं. करपलेली झाडं ओळींच्या टोकालाच का होती, ते तिथे कळलं. ड्रिपर उघडला तर आत चुन्याचा पांढरा थर. यावर आम्लप्रक्रिया करतात: आधी बादलीभर पाण्यात थोडं थोडं आम्ल टाकून सामू चारवर यायला किती लागतं ते पाहायचं, त्या प्रमाणात व्हेंच्युरीतून सोडायचं, शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू कागदाने तपासायचा, संच रात्रभर बंद ठेवायचा आणि सकाळी फ्लश व्हॉल्व्ह आणि नळ्यांची टोकं उघडून धुवायचं. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात कधीच नाही. आणि शेवाळासाठीचं क्लोरीन त्याच दिवशी मुळीच वापरायचं नाही, विषारी वायू निघतो.

क्षारांसाठी नळी खोडापासून बाहेर, झाडाच्या सावलीच्या कडेकडे सरकवली आणि पंधरवड्यातून एकदा पाणी नेहमीपेक्षा जास्त वेळ चालवलं, म्हणजे कडं खाली उतरेल. खाली मुरूम होता म्हणून हे जमलं. भारी काळ्या जमिनीत असं केलं तर पाणी साचून मर लागण्याची भीती असते, तिथे आधी निचऱ्याची सोय लागते. दुकानातून जिप्सम आणायचा विचारही त्या घरी चालला होता. तो थांबवला, कारण जिप्सम मातीत सोडियम जास्त असेल तेव्हाचं औषध आहे आणि इथे तपासणीत सोडियम कमी निघालं.

शेतकऱ्याला सगळ्यात अवघड गेली ती जूनमधली गोष्ट. पहिली हलकी सर आली, की माणूस आनंदाने मोटर बंद करतो. पण तो थोडासा पाऊस कड्यावरचे क्षार विरघळवतो आणि आत, मुळांकडे ढकलतो. म्हणून मोठा पाऊस होऊन जमीन खोलवर भिजेपर्यंत ठिबक चालूच ठेवायचं असतं. "पावसात मोटर चालू ठेवली तर गाव काय म्हणंल, साहेब?" असं त्यांनी विचारलं. पहिल्या सरीला मी स्वतः त्यांच्या बोअरपाशी जाऊन थांबलो आणि दीड तास संच चालवला.