पाळीव सशाचा चारा

पाळीव सशाच्या आहारात वाळलेले गवत हे मुख्य अन्न असून ते दिवसरात्र समोर असावे लागते. ससा उंदरासारखा कुरतडतो, म्हणून त्याला उंदरांच्या वर्गात धरण्याची सवय जुनी आहे. प्राणिशास्त्राने मात्र 1912 पासून ससे स्वतंत्र गणात ठेवले. सशाच्या वरच्या दोन पुढच्या दातांमागे आणखी दोन बारीक दात असतात. उंदीर, खारीत ते नसतात.

खरा फरक दाढांचा आहे. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, दाढा वाढत नाहीत. सशाचे सगळेच्या सगळे 28 दात वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला सुमारे 2 मिलिमीटर. लाकडाचा तुकडा दिल्याने पुढचे दात झिजतील, पण दाढांपर्यंत तो पोचत नाही. दाढा झिजतात त्या जबडा आडवा फिरवत, तासन्‌तास गवत दळल्याने. पोळी किंवा दाणेदार खाद्य दोन-चार चावांत चुरडले जाते. मग दाढांना टोके येतात: खालची जिभेत रुततात, वरची गालात. असा ससा भुकेने गवताशी येतो, काडी उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. पुढचे दात चांगले दिसत असल्याने घरच्यांना काही कळत नाही. दाढा पशुवैद्यालाच उपकरण घालून पाहाव्या लागतात.

आतड्यालाही हेच गवत चालते ठेवते. जाड तंतू पुढे ढकलले जाऊन कोरड्या गोल लेंड्या होतात. बारीक कण मात्र मागे फिरून अंधांत्र या आतड्याच्या मोठ्या पिशवीत जातात, तिथे जंतू ते आंबवतात. त्यातून बनलेल्या मऊ, चकचकीत गोळ्या ससा थेट गुदद्वारातून खातो. तो आजार नव्हे. उंदीरही विष्ठा खातात.

खानदेशात सशाला केळे देण्याचा मोह सहज होतो, कारण रावेर-यावलकडे ते घरचेच. समजा, दीड किलोचा ससा रोज अर्धे केळे आणि पोळी खातो. साखर-पिठाने अंधांत्रातील जंतूंचा तोल बिघडतो, तंतूंअभावी आतडे मंदावते. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात भूक आणखी घटते. लेंड्या आधी लहान, मग विरळ होतात. ससा पाठ कुबडी करून बसतो, दात करकरवतो. दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

अशा सशासमोर रोज त्याच्या अंगाएवढा ढीग वाळल्या गवताचा हवा. पावसाळ्यानंतर बांधावरचे मारवेल कापून सावलीत वाळवलेले उत्तम. कुसळी गवत टाळावे, त्याची टोके तोंडात घुसतात. ज्वारीच्या कडब्याची पाने चालतात, पण नुसती जाड ताटे ससा सोडून देतो. लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने तो वाढत्या पिल्लांपुरताच ठेवावा. आहार बदलायचा तर गवत आधी वाढवावे आणि पोळी, केळे आठ-दहा दिवसांत कमी करत न्यावे. जुन्या गवताची मूठ नाकाशी धरून पाहावी. कुबट वास किंवा पांढरी भुकटी दिसली, तर ते बुरशीचे आहे.