क्रियांवाचून विश्वास निर्जीव (याकोबाचे पत्र २:१४–२६)

नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, क्रिया नसलेला विश्वास निर्जीव असतो असे विधान येते (२:१७, २:२६). चोविसाव्या ओवीत याकोब आणखी पुढे जातो: माणूस क्रियांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नव्हे. प्रेषित पौलाने मात्र रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२८) नियमशास्त्रातील कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो असे म्हटले आहे. मराठीत एकीकडे ‘कर्मे’ आणि दुसरीकडे ‘क्रिया’ वाचायला मिळते, म्हणून विरोध थोडा सौम्य वाटतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘एर्गा’ हा एकच शब्द आहे, आणि ‘नीतिमान ठरणे’ यासाठीही एकच क्रियापद.

अडचण खरी जाणवते ती अब्राहामापाशी, कारण दोघेही दाखला त्याचाच देतात आणि वचनही तेच घेतात: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणले गेले (उत्पत्ती १५:६). पौल या वचनाची वेळ पाहतो. सुंतेची आज्ञा उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात येते, तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा होता. नीतिमत्त्व गणले गेले ते त्याच्या बरेच आधी, इश्माएलच्या जन्माच्याही आधी. म्हणून सुंता ही त्या नीतिमत्त्वाची खूण आहे, कारण नव्हे (रोमकरांस ४:१०–११). याकोब तिथून पुढे बाविसाव्या अध्यायात जातो. अब्राहामाने देवाच्या आज्ञेवरून आपला मुलगा इसहाक याला बळी देण्यासाठी वेदीवर ठेवले तेव्हा ते जुने वचन ‘पूर्ण झाले’, असे तो म्हणतो. म्हणजे पंधराव्या अध्यायातला विश्वास त्यालाही मान्य आहे. तो खरा होता हे बाविसाव्यात कळले, इतकेच त्याचे म्हणणे.

दोघांसमोरचे प्रश्नही निराळे आहेत. यहुदी नसलेल्यांना देवाच्या प्रजेत यायला सुंता व नियमशास्त्र लागते काय, हा पौलाचा वाद. याकोबासमोर उघडानागडा, पोटाला अन्न नसलेला भाऊ उभा आहे आणि त्याला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ एवढे बोलून वाटेला लावणारा विश्वासी. ‘विश्वास’ म्हणजे इथे देव एकच आहे असे नुसते मान्य करणे. तेवढे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असा टोला तो मारतो (२:१९). चौदाव्या ओवीत ‘पिस्तिस’ या विश्वासासाठीच्या ग्रीक शब्दाला इंग्रजी ‘द’सारखे उपपद आहे, त्यामुळे प्रश्न ‘असला विश्वास तारू शकेल काय?’ असा वाचावा लागतो. नुसते ‘विश्वास तारू शकेल काय?’ असे भाषांतर केले की याकोब सगळ्याच विश्वासाला नाकारतो असा गैरसमज होतो.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला. मुळात तो नाही. गंमत अशी की ‘केवळ विश्वासाने’ ही शब्दजोडी नव्या करारात एकदाच येते, ती याकोब २:२४ मध्ये, आणि तीही नकारासह. त्याच वर्षीच्या प्रस्तावनेत ल्यूथरने याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले. पुढच्या आवृत्त्यांत ते वाक्य राहिले नाही. पण रोमकरांस पत्राच्या त्याच्याच प्रस्तावनेत विश्वास ही जिवंत, खटपटी गोष्ट असून सत्कृत्ये करावीत काय हे विचारण्याआधीच ती करून मोकळी होते, असे लिहिले आहे. याकोबाला याहून वेगळे काय हवे होते?

दुसरा धर्मसुधारक कॅल्व्हिन याने शब्दार्थ वेगळे काढले: पौलाचे ‘नीतिमान ठरणे’ म्हणजे देवाने निर्दोष गणणे, याकोबाचे म्हणजे ते नीतिमत्त्व क्रियांतून दिसून येणे. प्रॉटेस्टंट पंथांत हीच सोडवणूक रुळली. मात्र ‘माणसांपुढे दिसणे’ इतकाच तिचा अर्थ केला तर ती लंगडी पडते. अब्राहामाने चाकरांना गाढवाजवळ मागेच ठेवले होते. डोंगरावर इसहाकाखेरीज पाहणारा माणूसच नव्हता, आणि ‘आता मला कळले’ ही वाणी आकाशातून आली. शिवाय याकोबाचा मूळ प्रश्न तारणाचा आहे, नावलौकिकाचा नाही.

कॅथॉलिक बाजू १५४७ मध्ये ट्रेंट परिषदेच्या सहाव्या सत्रात ठरली. त्यानुसार पहिले नीतिमान ठरणे कृपेने होते, त्याआधीचा विश्वास किंवा कृत्ये ते कमावत नाहीत. पण मिळालेले नीतिमत्त्व सत्कृत्यांनी वाढते, आणि त्या वाढीसाठी परिषदेने याकोब २:२४चाच आधार घेतला. प्रॉटेस्टंट ही वाढ ‘पवित्रीकरण’ या वेगळ्या शब्दाखाली ठेवतात, म्हणून पुष्कळदा वाद वस्तूपेक्षा कप्प्यांचा होतो. पुष्कळदा, नेहमी नव्हे: कृत्यांना पुण्याई म्हणावे काय, हा मतभेद खराच आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक संघ व कॅथॉलिक चर्च यांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देव कृपेनेच स्वीकारतो, आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, आणि सत्कृत्ये हे त्याचे फळ, यावर तीत एकमत आहे. पुण्याईविषयी दोन्ही बाजूंनी आपापले स्पष्टीकरण स्वतंत्र परिच्छेदांत दिले आहे.