गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचे पाय

गच्चीवर पत्र्याची खोली काढायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘स्लॅबला वजन झेपेल ना?’ प्रश्न योग्यच आहे, पण तो छपराकडे बघून विचारला जातो आणि छप्पर हा सगळ्यात हलका भाग असतो. ४ बाय ५ मीटरची खोली धरू. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा चौरस मीटरला पाचेक किलो भरतो. त्याखालचा लोखंडी सांगाडा आणि हलकं छत यांचे आणखी दहा किलो धरले, तरी २० चौरस मीटरचं अख्खं छप्पर ३०० किलोंत बसतं. चार-पाच माणसं गच्चीवर उभी राहिली तर एवढंच वजन होतं.

खरं वजन भिंतींत असतं. साडेचार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर केलेली, २.७ मीटर उंचीची भिंत लांबीच्या दर मीटरला सुमारे ७०० किलो भरते. खोलीचा घेर १८ मीटर. दारं-खिडक्या वजा केल्या तरी दहा टनांच्या आसपास भार होतो, आणि तो पसरून न पडता स्लॅबवर एका रेषेत पडतो. तीच भिंत लोखंडी सांगाड्यावर दोन्हीकडून सिमेंट बोर्ड ठोकून केली, तर मीटरला ७५ किलोंत भागतं. सगळा घेर मिळून साडेतेराशे किलो. ‘वर पत्राच टाकायचाय’ म्हणून विटांच्या भिंती चढवणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक आहे. खालून स्लॅबचे पापुद्रे सुटलेले असतील, सळ्या गंजून दिसत असतील, तर हलकी भिंतसुद्धा स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय उभी करू नये.

आता हलकेपणाची दुसरी बाजू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला साधारण ९० किलो दाब देतो. कमी उताराच्या छपरावरून वारा जातो तेव्हा तो पत्रा खाली दाबत नाही, वर ओढतो. त्यातच वाऱ्याकडची खिडकी उघडी राहिली, की आत शिरलेली हवाही खालून ढकलते. ओढ ९० किलो आणि छपराचं स्वतःचं वजन १५ किलो, म्हणजे दर चौरस मीटरला ७५ किलोंची ओढ शिल्लक राहते. आपल्या खोलीला लांबीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खांब आहेत असं धरलं, तर मधल्या खांबाच्या वाट्याला ५ चौरस मीटर छप्पर येतं. वादळात तो खांब पावणेचारशे किलोंच्या जोराने वर उपटला जात असतो. कडेच्या पट्ट्यात ओढ याहूनही जास्त असते, म्हणून कडेच्या पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो त्या आडव्या लोखंडी दांडीवर, पत्र्याच्या प्रत्येक नळीला स्क्रू हवा. मधल्या पर्लिनवर एकाआड एक चालतो. शिवाय वारा भिंतीला आडवाही ढकलतो. त्यासाठी खांबांमध्ये कुठेतरी तिरके आधार द्यावे लागतात.

हे पावणेचारशे किलो खांबाच्या तळाच्या लोखंडी प्लेटच्या, म्हणजे बेसप्लेटच्या, चार बोल्टांत वाटले तर एकेकाला शंभरही येत नाहीत. चांगल्या काँक्रीटमध्ये नीट बसवलेल्या १२ मिलिमीटरच्या अँकर बोल्टला हे जड नाही. अडचण अशी, की बऱ्याच गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, कुठे चार इंच, कुठे सहा. फॅब्रिकेटर बेसप्लेट थेट कोब्यावर ठेवतो, चार इंची बोल्ट ठोकतो आणि खांब उभा करतो. त्या बोल्टाचं टोक काँक्रीटला शिवतसुद्धा नाही. तो चुना-सिमेंटात बसवलेल्या विटेच्या तुकड्याला धरून असतो. भोक पाडताना हे लगेच कळतं: ड्रिल लोण्यातून गेल्यासारखं उतरतं आणि भुकटी लाल येते. काँक्रीट लागलं की आवाज बदलतो, भुकटी राखाडी होते.

आणि हेच भोक पुढे गळतं. कोब्यातून गेलेला बोल्ट वॉटरप्रूफिंग फोडतो, खांब वाऱ्यात किंचित हलतो, भोक रुंदावतं, पाणी कोब्यात शिरतं आणि स्लॅबवर आडवं पसरत जातं. म्हणून ओल खाली भलत्याच ठिकाणी, दोन-तीन मीटर लांब उमटते आणि खांबावर कुणाचा संशय जात नाही.

योग्य पद्धत वेळ खाते, पण तीच करावी. खांब इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर, निदान बीमवर यावा. कॉलम कुठे आहेत ते खालच्या मजल्यावर मोजून, कठड्यापासूनचं अंतर वर उतरवून घ्यावं. खोलीचं माप कॉलमप्रमाणे बदललं तरी चालेल. तिथला कोबा दीड-दोन फुटांच्या चौकोनात फोडून काँक्रीट उघडं करायचं. मग सळ्यांसाठी भोकं पाडून ब्रशने घासायची, हवा मारून धूळ काढायची, त्यात केमिकल अँकरचा मसाला भरून सळ्या रोवायच्या. धूळ राहिली तर मसाला काँक्रीटला न चिकटता धुळीलाच चिकटतो. त्या सळ्यांभोवती फूटभर चौरस आणि कोब्याच्या वर फूटभर उंच असा काँक्रीटचा ओटा भरायचा आणि बेसप्लेटचे बोल्ट त्याच्या डोक्यात घ्यायचे. कोपऱ्याला गोलसर वाटा मारून वॉटरप्रूफिंग ओट्याच्या अंगावर चढवलं, की बोल्टाची भोकं साचणाऱ्या पाण्याच्या वर राहतात. भिंतीखालीही असाच सहा इंची काँक्रीटचा उंबरा स्लॅबपासून उचलून घ्यावा, नाहीतर कोब्यातलं पाणी फरशीखालून खोलीत येतं. मात्र उंबरा गच्चीच्या उताराला आडवा आला, तर पलीकडे तळं साचतं. तसं होत असेल तर उतार आणि पन्हळाची जागा आधी बदलून घ्यावी.

वरच्या गळतीचं मुख्य ठिकाण म्हणजे पत्रा आणि भिंत यांचा सांधा. तिथे सिमेंट भरू नये. चार मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ५० अंशांच्या चढउतारात सुमारे अडीच मिलिमीटर लांब-आखूड होतो, तेही रोज. सिमेंटला हे सोसत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात चीर जाते. भिंतीत इंचभर खाच घेऊन पत्र्याची वाकवलेली पट्टी तिच्यात अडकवावी आणि ती छपरावर मोकळी टेकू द्यावी.

उन्हात गडद पत्रा ६५ अंशांपर्यंत तापतो. आतली हवा गरम होते ती वेगळी, पण डोक्याला झळ लागते ती पत्र्यातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांची. ६५ अंशांचा पत्रा आणि ३५ अंशांची खोली यांत दर चौरस मीटरला सुमारे २०० वॉट असे उतरतात. २० चौरस मीटरला चार किलोवॉट, म्हणजे छताला चार हीटर टांगल्यासारखे. पंखा ही झळ अडवू शकत नाही. पांढऱ्या रंगाने पत्रा कमी तापतो. चकचकीत फॉइलने किरणं बरीच थांबतात, पण फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर इंचभर पोकळी हवी. फॉइल पत्रा आणि छत यांच्यामध्ये दोन्हीकडून चिकटून बसलं, तर उष्णता सरळ त्यातून वाहते. ५० मिलिमीटर पीयूएफ फोम भरलेलं पॅनेल घेतलं, तर तेच चार किलोवॉट अडीचशे-तीनशे वॉटवर येतात आणि वजनही जेमतेमच वाढतं.

उघड्या पत्र्याखाली पहाटे थेंब पडू लागले, तर लगेच स्क्रू बदलायला धावू नये. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो आणि खोलीतली वाफ त्यावर जमते. पाऊस नसताना, पत्राभर सगळीकडे आणि पर्लिनच्या ओळीने थेंब असतील, तर ते दव आहे. त्यावर उपाय अस्तर आणि वायुवीजन. पावसातच, एकाच जागी, स्क्रूच्या खाली गंजाचा ओघळ दिसत असेल तर मात्र तिथला रबरी वॉशर पाहावा. तो स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळल्याने चेपून बाहेर आलेला, नाहीतर तिरका बसलेला सापडतो.