अमोनियाचा कलप आणि बिनअमोनियाचा कलप: फरक नेमका कुठे पडतो

केसांच्या कलपाच्या खोक्यावर ‘नो अमोनिया’ असे लिहिलेले दिसले की तो रंग सौम्य असणार, असे आपण गृहीत धरतो. हा समज कितपत खरा आहे, हे ठरवायचे तर अमोनिया कलपात मुळात कशासाठी आला, हे आधी पाहावे लागते.

टिकाऊ कलपाचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांचा अभ्यास करताना पॅरा-फेनिलिनडायअमाईन, म्हणजेच पीपीडी, हा रंगहीन पदार्थ हाती आला आणि हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाला की त्याचा गडद रंग तयार होतो, हे लक्षात आले. 1907 मध्ये पॅरिसमध्ये युजीन श्यूलर या रसायनशास्त्रज्ञाने केसांसाठी असा रंग बनवला आणि 1909 मध्ये त्यातूनच पुढे ‘लोरिआल’ झालेली कंपनी उभी राहिली. 1950 मध्ये अमेरिकेत ‘मिस क्लेरॉल’ आला, तेव्हा केस उजळवणे आणि रंगवणे ही दोन कामे एकाच लेपात होऊ लागली.

एकाच लेपात ही दोन कामे होण्यासाठी अल्कली लागते. अल्कलीने केसावरची खवल्यांची थर फुगून सैल होते, रंगाचे सूक्ष्म कण आत शिरतात आणि पेरॉक्साइडही कामाला लागून केसातले मूळ रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, फोडते. या कामाला अमोनिया फार सोयीचा ठरला, कारण त्याचा रेणू अगदी लहान असल्यामुळे तो केसात झटकन शिरतो आणि काम होत असतानाच हवेत उडूनही जातो. नाकाला आणि डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे हेच उडून जाणे होय.

हा वास टाळण्यासाठी अमोनियाऐवजी मोनोइथेनॉलअमाईन वापरण्याची वाट निघाली. केस न उजळवणाऱ्या, काही आठवड्यांत फिके पडणाऱ्या रंगांत ते आधीपासून होतेच. 2010 च्या आगेमागे लोरिआलच्या ‘इनोआ’मुळे सलूनमधल्या टिकाऊ रंगातही बिनअमोनियाचा पर्याय ठळकपणे पुढे आला. मोनोइथेनॉलअमाईन हीसुद्धा अल्कलीच आहे. फरक इतकाच की तिचा रेणू अमोनियाच्या साडेतीन पट जड असतो आणि ती सुमारे 170 अंशांना उकळते, त्यामुळे डोक्यावरून उडून जात नाही. वास जवळजवळ येत नाही, पण जी उडत नाही ती धुऊन काढावी लागते. म्हणून अशा रंगानंतर पाणी स्वच्छ निघेपर्यंत केस धुणे अधिक महत्त्वाचे ठरते. तिचे प्रमाण फार वाढवले तर केसाची झीज अमोनियापेक्षाही जास्त होऊ शकते, आणि याच कारणाने उजळवण्याच्या बाबतीत तिला मर्यादा पडते.

समजा, एका बाईंचे मूळ केस जवळजवळ काळे, पार्लरच्या भाषेत तिसऱ्या लेव्हलचे आहेत, त्यांतले निम्मे पांढरे झाले आहेत आणि त्यांना पाचव्या लेव्हलचा तपकिरी रंग हवा आहे. बिनअमोनियाचा टिकाऊ रंग 6 टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवून 35 मिनिटे ठेवला, तर पांढरे केस व्यवस्थित तपकिरी होतील, कारण त्यांत फोडायला मेलॅनिनच नसते. काळे केस मात्र फार तर एखादी लेव्हल उजळतील, आणि डोके एकसारखे तपकिरी न दिसता काळ्यात तपकिरी बटा काढल्यासारखे दिसेल. अमोनियाच्या रंगाने, 9 टक्के पेरॉक्साइडमध्ये, तेच काळे केस दोन-तीन लेव्हल उजळू शकतात. मात्र उजळताना खालचा तांबूस रंग वर येतो आणि तो धरूनच छटा निवडावी लागते. हे सारे न रंगवलेल्या केसांपुरते खरे आहे, कारण आधीच्या काळ्या कलपावर नवा कलप लावून तो उजळत नाही.

म्हणजे पांढरे केस झाकले जाणे हे अमोनियावर फारसे अवलंबून नाही. रंगद्रव्य पुरेसे आहे का, पेरॉक्साइड किती टक्क्यांचे आहे आणि लेप पूर्ण वेळ ठेवला का, यांवर ते ठरते. कानशिलांजवळचे चिवट पांढरे केस नीट रंगले नाहीत, तर बहुधा लेप पातळ लागलेला असतो किंवा लवकर धुतलेला असतो. दोन-तीन आठवड्यांतच पांढरेपणा डोकावू लागला, तर खोक्यावर ‘टिकाऊ’ असे लिहिले आहे की नाही, ते पाहावे. कमी पेरॉक्साइडचे रंग पांढऱ्या केसाला फक्त छटा देतात.

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगावीशी वाटते. अमोनिया काढला म्हणजे पीपीडी काढले असे होत नाही, आणि खाज, पुरळ, पापण्यांची सूज ही ॲलर्जीची लक्षणे बहुतांशी पीपीडी किंवा त्याच्या भाऊबंदांमुळे येतात. आपल्याकडे ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही ते अनेकदा असते. म्हणून घटकांच्या यादीत अमोनियम हायड्रॉक्साइड आहे की इथेनॉलअमाईन, हे वाचतानाच त्याच यादीत फेनिलिनडायअमाईनही शोधावे, आणि रंग कोणताही असला तरी दोन दिवस आधी कानामागे थोडासा लावून पाहावा.